१५० एएचची बॅटरी सहा तास का चालत नाही

इन्व्हर्टरची बॅटरी घेताना दुकानात होणारा हिशेब साधारण असा असतो: १५० अँपिअर-तास, म्हणजेच १५० एएच, गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॉट-तास, घरचा लोड ३०० वॉट, म्हणजे सहा तास निर्धास्त. गुणाकार-भागाकार बरोबर आहे, पण उत्तर चुकीचं आहे. त्याच नव्या बॅटरीवर त्याच घरात सव्वातीन तासांच्या आसपासच भरवसा ठेवता येतो. उरलेले तास कुठे जातात हे कळलं की बॅटरी किती मोठी घ्यायची ते आपोआप ठरतं.

गोव्यात डिचोलीतलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्याची रात्र आहे, माडाचं चुडत तारांवर पडलं आहे आणि लाईन दुरुस्त व्हायला चार तास लागणार आहेत. घरात ७५ वॉटचे तीन साधे पंखे, २० वॉटच्या दोन एलईडी ट्यूब, ९ वॉटचे तीन दिवे आणि ८ वॉटचा वायफाय राउटर चालू आहे. बेरीज ३०० वॉट. फ्रीज आणि विहिरीचा पंप यात धरलेले नाहीत, आणि धरूही नयेत. एक एचपीचा पंप सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो आणि छोटा इन्व्हर्टर तिथेच ट्रिप होतो.

आता पहिली गळती. ३०० भागिले १२ म्हणजे बॅटरीतून २५ अँपिअर जायला हवेत. पण बारा व्होल्टचा डीसी करंट २३० व्होल्टच्या एसीत बदलताना इन्व्हर्टर स्वतः गरम होतो, त्याच्या ट्रान्सफॉर्मरलाही वीज लागते. घरगुती इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८० टक्के धरावी. म्हणजे बॅटरीतून प्रत्यक्षात सुमारे ३१ अँपिअर वाहतात.

दुसरी गळती बॅटरीच्या लेबलवरच लिहिलेली असते, पण तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. १५० एएचच्या शेजारी बारीक अक्षरांत C20 छापलेलं असतं. त्याचा अर्थ, ही बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी केली, म्हणजे साडेसात अँपिअरने, तरच १५० एएच देईल. आपण ३१ अँपिअर ओढतो आहोत, चौपटीहून जास्त. करंट वाढला की प्लेटच्या बारीक छिद्रांतलं ॲसिड लवकर संपतं आणि बाहेरचं ॲसिड तितक्या वेगाने आत पोहोचत नाही. व्होल्टेज आधीच घसरतं आणि साधारण साडेदहा व्होल्टला इन्व्हर्टर बंद होतो. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा चालू केला तर तो थोडा वेळ चालतो, कारण तेवढ्यात ॲसिड आत झिरपलेलं असतं. या वेगाने नवी ट्यूब्युलर बॅटरी आपल्या आकड्याच्या साधारण ८२ टक्केच देते. १५० चे झाले १२३. सोलरसाठीच्या बॅटरीवर बहुधा C10, म्हणजे दहा तासांचा आकडा असतो, म्हणून आकडा सारखा दिसला तरी ती बॅटरी C20 वालीपेक्षा थोडी मोठीच असते.

तिसरी कपात आपण स्वतःहून करायची. लेड-ॲसिड बॅटरी दरवेळी तळापर्यंत रिकामी केली तर तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं, म्हणून २० टक्के राखून ठेवायचे. १२३ चे उरले ९८. त्याला ३१ ने भागलं की ३.१६ तास. दुकानातले सहा तास इथे निम्मे झाले.

हाच हिशेब उलटा लावला की खरेदीचा आकडा मिळतो. चार तास हवेत, तर ३१ गुणिले ४ म्हणजे १२४ एएच. त्याला ०.८ ने भागा, १५५. मग ०.८२ ने भागा, १८९. म्हणजे २०० एएच. पण काही वर्षांनी बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांवर येते तेव्हा हीच २०० एएचची बॅटरी साधारण तीन तास वीस मिनिटंच देईल. शिवाय चवथीला घर पाहुण्यांनी भरलं आणि आणखी दोन पंखे लागले की तेवढंही नाही.

म्हणून मोठी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलावेत असं माझं स्पष्ट मत आहे. तीन साध्या पंख्यांच्या जागी ३० वॉटचे बीएलडीसी पंखे लावले की लोड ३०० वरून १६५ वॉटवर येतो आणि बॅटरीतला करंट ३१ वरून १७ अँपिअरवर. फायदा दुहेरी आहे. करंट कमी झाल्यामुळे बॅटरी आपल्या आकड्याच्या ८२ ऐवजी ८८ टक्के देते. १५० गुणिले ०.८८ गुणिले ०.८ म्हणजे सुमारे १०५ एएच, भागिले १७, म्हणजे सहा तासांहून थोडे जास्त. बॅटरी जुनी झाल्यावरही पाच तास हाताशी राहतात.

लोडचा आकडा अंदाजाने धरू नका, घरच्या मीटरवर मोजा. डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी 3200 imp/kWh असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे एका युनिटला ३२०० लुकलुकी. वीज असताना, इन्व्हर्टरचं चार्जिंग पूर्ण झाल्यावर, फ्रीज, गिझर, पंप सगळं बंद करा. वीज गेल्यावर जे लागतं तेवढंच चालू ठेवा आणि पाच मिनिटं लुकलुकी मोजा. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला एक लुकलुक म्हणजे १८.७५ वॉट. पाच मिनिटांत ८० आल्या तर मिनिटाला १६, म्हणजे ३०० वॉट. तुमच्या मीटरवर वेगळा आकडा असेल तर ६०००० ला त्या आकड्याने भागा.

गोव्यात जून-जुलैत आणखी एक गोष्ट हिशेब बिघडवते, ती म्हणजे परत भरायला लागणारा वेळ. रात्री १२४ एएच वापरले तर परत साधारण १४५ एएच घालावे लागतात, कारण चार्जिंगमध्येही थोडं वाया जातं. चार्जर १५ अँपिअरचा असेल तर दहा तास, आणि शेवटी करंट आपोआप कमी होत जातो म्हणून बारा धरा. मधे फक्त चार तास वीज आली तर जेमतेम ५० एएच परत येतात, म्हणजे ३०० वॉटवर दीड तासाचा बॅकअप. अशा वेळी २०० ची बॅटरी १५० पेक्षा फारशी कामाची नाही. दोघी अर्ध्याच भरलेल्या. उलट २०० ची बॅटरी दहा अँपिअरच्या चार्जरवर लावली तर पावसाळाभर ती पूर्ण भरतच नाही, प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं आणि क्षमता कायमची जाते. बॅटरी घेताना चार्जिंग करंट विचारा. तो एएचच्या दहाव्या भागाइतका हवा.

बॅटरी खरंच भरते का हे ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर सांगतो. ट्यूब्युलर बॅटरी पूर्ण भरल्यावर सहाही सेलमध्ये १.२४ च्या आसपास वाचन यायला हवं. सगळ्या सेलमध्ये सारखंच १.१८ आलं तर चार्जिंग अपुरं पडतंय, बॅटरी जास्त वेळ चार्जिंगला ठेवून पुन्हा बघा. पाच सेल १.२४ आणि एकच १.१५ असेल तर तो सेल गेला आहे, आणि वीज गेल्यावर बॅटरीचा बॅकअप तोच ठरवणार आहे. डिस्टिल्ड वॉटर नुकतंच घातलं असेल तर ते ॲसिडमध्ये मिसळेपर्यंत थांबा, नाहीतर वाचन उगाच कमी दिसतं.