बालविवाह रद्द करायचा म्हणजे नक्की काय, यामागची पार्श्वभूमी

बालविवाह रोखायच्या १९२९ च्या कायद्यात शिक्षा होती, पण लागलेलं लग्न मात्र टिकायचं. पुढे १९७८ ला लग्नाचं वय मुलीसाठी १८ आणि मुलासाठी २१ झालं तरी तेच. मोडायची वाट खरी २००६ च्या कायद्याने दिली, तो लागू झाला १ नोव्हेंबर २००७ पासून, आणि तिथेही लग्न आपोआप रद्द धरलं नाही, कोर्टात जाऊन रद्द करून घ्यायचं. पळवून, विकून किंवा जबरदस्तीने लावलेलं, किंवा कोर्टाची मनाई मोडून लावलेलं लग्न मात्र मुळातच रद्द. कर्नाटकाने नंतर दुरुस्ती करून सगळेच बालविवाह मुळातून रद्द ठरवले, आपल्याकडे महाराष्ट्रात तसं नाही, आणि माझ्या मते इथेच मुली अडकतात.

अर्ज फक्त लग्नाच्या वेळी वयाने कमी असलेली व्यक्तीच करू शकते, मग ती मुलगी असो की मुलगा. आईवडील स्वतःच्या हक्काने नाही. अजून १८ पूर्ण नसतील तर पालक किंवा जवळचं माणूस अर्ज करतं, सोबत बालविवाह प्रतिबंधक अधिकारी लागतो, गावात हे काम बहुतेक ग्रामसेवकाकडे असतं.

सगळा घोळ मुदतीचा. सज्ञान झाल्यापासून दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत. समजा सुरगाण्याची मुलगी, जन्म १० जून २००६, सोळाव्या वर्षी लग्न लावलं, आता नाशकात राहते, तर तिने १० जून २०२६ च्या आधी नाशिकच्या फॅमिली कोर्टात अर्ज टाकायचा, कारण स्वतः राहते तिथलं कोर्टही चालतं. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला चालतो. पण मधली दोन वर्षं पंच बसवण्यात जातात, स्टॅम्पपेपरवर फारकत लिहून घेतात आणि सगळ्यांना वाटतं झालं, कायद्यात त्याला रद्द म्हणत नाहीत. मुलाचं तर अजूनच विचित्र, तो २१ पर्यंत 'बालक' पण सज्ञान १८ लाच, म्हणजे साडेवीसला लग्न झालं तर शब्दशः वाचून मुदत लग्नाआधीच संपलेली! दोन हायकोर्टांनी, एकाने २०११ ला आणि एकाने २०२४ ला, मुलासाठी २३ पर्यंत मुदत धरली. मला ते पटतं, पण कायद्याचा मजकूर तसाच आहे, त्यामुळे २० च्या आत अर्ज टाकलेला बरा.

लग्न रद्द करताना कोर्ट दोन्हीकडच्यांना लग्नात मिळालेले पैसे, दागिने, भेटी परत करायला सांगतं, वस्तू उरली नसेल तर तेवढी किंमत, पण आधी प्रत्येकाला आपलं म्हणणं मांडायची संधी देऊन. म्हणून दागिन्यांची पावती, लग्नातले फोटो जपून ठेवायचे. मुलीला पुन्हा लग्न होईपर्यंत पोटगी, राहायची सोयही, नवरा अज्ञान असेल तर पोटगी त्याच्या आईवडिलांकडून.

आणि बाळ असेल तर? हुकूम व्हायच्या आधी जन्मलेलं किंवा पोटात असलेलं मूल सगळ्या बाबतीत औरसच. ताबा कुणाकडे, भेट कशी, हे मुलाचं हित बघून कोर्ट ठरवतं आणि त्याच्या खर्चाचाही आदेश देऊ शकतं.