फ्रिजच्या डिस्पेन्सरचा वॉटर फिल्टर बदलणं

फ्रिजच्या दारातून थेट गार पाणी आणि बर्फ देणारे जे मोठे साइड-बाय-साइड किंवा फ्रेंच डोअर फ्रिज असतात, त्यांना मागून घरातल्या पाण्याच्या लाइनचं कनेक्शन दिलेलं असतं आणि वाटेत एक फिल्टर बसवलेला असतो. आत दाबून घट्ट केलेल्या कोळशाचा ठोकळा (अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन) असलेली ही प्लॅस्टिकची नळकांडी म्हणजेच कार्ट्रिज. ती कधी आत वरच्या कोपऱ्यात असते, कधी भाजीच्या ड्रॉवरजवळ तर कधी खालच्या ग्रिलमागे. अमेरिकेत असे फ्रिज घरोघरी, त्यामुळे तिकडच्या मराठी घरांत दर सहा महिन्यांनी हे काम निघतंच. बदलायला दोन मिनिटं लागतात हे खरं, पण काम तिथे संपत नाही. नवीन कार्ट्रिज हवेने भरलेली असते, ती हवा पूर्ण निघेपर्यंत डिस्पेन्सर फुरफुरतो, ग्लासाबाहेर पाणी उडवतो, आणि लोकांना वाटतं की फिल्टर नीट बसला नाही किंवा फ्रिजच बिघडला.

कधी बदलायचा

सहा महिने हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण कार्ट्रिजवर दोन मर्यादा छापलेल्या असतात, एक महिन्यांची आणि एक गॅलनची, आणि त्यातली जी आधी येईल ती खरी. बऱ्याच कार्ट्रिज २०० गॅलनच्या असतात, म्हणजे साधारण ७५७ लिटर. त्याला १८० दिवसांनी भागलं तर रोजचे सव्वाचार लिटर होतात. आता न्यू जर्सीतलं चार माणसांचं घर धरा, सगळे याच नळाचं पाणी पितात, डब्याबरोबरच्या बाटल्याही इथेच भरतात आणि मिळून रोज आठ लिटर काढतात, तर ७५७ लिटर पंचाण्णव दिवसांत संपले. म्हणजे यांचा फिल्टर तीन महिन्यांचा झाला, सहाचा नाही. ३०० गॅलनची कार्ट्रिज असेल तर याच घरात साडेचार-पावणेपाच महिने. याउलट दिवसभर ऑफिसात असणारं जोडपं रोज दोन लिटर काढतं, त्यांचे गॅलन सहा महिन्यांत निम्मेही होत नाहीत, तरी बदलायचा सहा महिन्यांनीच, कारण कोळसा सतत ओला असतो, त्याने क्लोरीन काढून घेतलेलं असतं आणि क्लोरीन नसलेल्या साचलेल्या पाण्यात जिवाणूंना वाढायला जागा मिळते.

पॅनेलवरचा लाल दिवा पाणी तपासत नाही, हे मुद्दाम सांगायला लागतं कारण बहुतेकांचा समज उलटा असतो. काही फ्रिजमध्ये तो नुसते दिवस मोजतो, काहींमध्ये डिस्पेन्सर किती वेळ उघडा होता त्यावरून लिटरचा अंदाज बांधतो. म्हणून फिल्टर बदलल्यावर तो आपण होऊन विझेलच असं नाही, बऱ्याच मॉडेलमध्ये रिसेटचं बटण तीनेक सेकंद दाबून धरावं लागतं. आणि फिल्टर न बदलता नुसतं रिसेट केलं तरी बिचारा खुशाल हिरवा होतो.

दिव्यापेक्षा जीभ बरी. पाण्याला स्विमिंग पूलसारखा क्लोरीनचा वास परत यायला लागला तर कोळसा भरलाय, आणि धार दिवसेंदिवस बारीक होत चालली तर गाळाने छिद्रं बुजली आहेत. टीडीएस मीटर मात्र इथे कामाचा नाही. भारतातून आलेले पाहुणे हमखास तो ग्लासात बुडवतात आणि आधी २१० होता, फिल्टरनंतरही २१०, मग हा फिल्टर करतो काय असं विचारतात. कार्बन विरघळलेले क्षार काढतच नाही, ते काम आरओचं. क्लोरीनचा वास-चव, ज्यासाठी एनएसएफ ४२ हे अमेरिकी मानक आहे, आणि एनएसएफ ५३ चं प्रमाणपत्र असेल तर शिसं व परजीवींचे कवचबंद सिस्ट, एवढ्याचसाठी तो असतो. मुळात दूषित असलेलं पाणी पिण्याजोगं करायला तो बनवलेलाच नाही.

बसवणं

आधी आइसमेकर बंद करा. बऱ्याच फ्रिजमध्ये फिल्टर काढला की त्याच्या सॉकेटमधला झडप आपोआप मिटतो आणि मागचा व्हॉल्व्ह बंद करायची गरज पडत नाही, पण आपल्या मॉडेलमध्ये तसं आहे का हे माहीत नसेल तर सरळ बंद करावा आणि डिस्पेन्सर एकदा दाबून लाइनमधला दाब सोडून द्यावा. जुनी कार्ट्रिज डावीकडे पाव वळसा फिरवून ओढायची (काही प्रकारांत नुसती दाबायची), खाली टॉवेल हवाच कारण ती पाण्याने भरलेली असते, तिरकी केली की सगळं फळ्यांवर. काढल्यावर तिच्या मानेवरच्या रबरी ओ-रिंगा मोजा. एखादी सॉकेटमध्येच चिकटून राहिली आणि त्यावर नवीन बसवली की दोन रिंगा एकावर एक येऊन गळती सुरू होते, आणि ती शोधताना डोकं फिरतं.

नवीनचं टोपण काढा, ओ-रिंगांना बोटाने साधं पाणी लावा (तेल, व्हॅसलीन नको), सरळ आत दाबा आणि खुणा जुळेपर्यंत फिरवा. अर्धवट फिरलेली कार्ट्रिज दोन प्रकारे कळते, एक तर पाणीच येत नाही कारण झडप पूर्ण उघडत नाही, नाहीतर मानेपाशी थेंब धरतो. दहा मिनिटांनी आणि परत दुसऱ्या दिवशी तिथे कोरडा टिश्यू लावून बघायचा.

हवा का फुरफुरते

रिकाम्या कार्ट्रिजमध्ये, तिच्याभोवतीच्या जागेत आणि कोळशाच्या बारीक छिद्रांत मिळून बरीच हवा असते, समजण्यापुरती ३०० मिली धरू. घरच्या लाइनला ४५ पीएसआय म्हणजे साधारण ३ बार दाब असला, तर वातावरणाचा १ बार मिळवून एकूण ४ बार. एवढ्या दाबाखाली ती ३०० मिली हवा दबून ७५ मिली होते. डिस्पेन्सर दाबला की हा दबलेला गोळा पाण्याबरोबर तोटीकडे निघतो, वाटेत दाब उतरत जातो तसा तो फुगतो, आणि तोंडाशी येईपर्यंत परत चौपट झालेला असतो. पुढ्यातलं पाणी तो अक्षरशः फेकतो. खोकल्यासारखा आवाज, मग थोडी धार, मग परत फुर्र, हे त्यामुळे.

दुसरी हवा जास्त चिवट असते. भाजीच्या ड्रॉवरमागे गार पाण्याची एक छोटी टाकी किंवा नळीचं वेटोळं असतं, साधारण लिटरभराचं, आणि बऱ्याच रचनांमध्ये पाणी सोडणारा व्हॉल्व्ह या टाकीच्या आधी असतो, नंतर नाही. फिल्टरमधून सुटलेली हवा टाकीच्या वरच्या भागात अडकून बसते. धार चालू असताना ती थोडी दबलेली असते, आपण ग्लास काढला की व्हॉल्व्ह बंद होतो, हवा फुगते आणि पुढच्या नळीतलं पाणी ढकलत राहते. म्हणून ग्लास बाजूला केल्यावर पाच-दहा सेकंद टिपटिप होते. ही फिल्टरची गळती नव्हे, अडकलेल्या हवेची आहे.

हवा काढायची कशी

बऱ्याच मॅन्युअलमध्ये सांगतात ती पद्धत अशी की पाच सेकंद दाबायचं, पाच सेकंद सोडायचं, आणि धार लागल्यावरही तसंच चालू ठेवून ३ गॅलन म्हणजे १२ लिटर पाणी काढून टाकायचं. लोक इथेच चुकतात, एक जग भरला, पाणी स्वच्छ दिसलं, झालं! दीड लिटरचा जग असेल तर असे आठ भरावे लागतात. डिस्पेन्सर मिनिटाला दोन लिटरच्या आसपास देतो, म्हणजे सहा मिनिटांची धार आणि तेवढाच थांबण्याचा वेळ, मिळून बारा-पंधरा मिनिटांचं काम आहे, स्टूल घेऊन बसावं.

सोडून-सोडून दाबण्याचं कारण असं की सलग धारेत पाणी बुडबुड्याच्या खालून निघून जातं आणि तो आपला वर कोपऱ्यात तसाच राहतो. थांबलं की बारीक बुडबुडे एकत्र येतात, आणि पुन्हा चालू केलं की पहिल्या झटक्यासरशी त्यातले थोडे पुढे सरकतात. शिवाय सलग दाबून धरलं तर बरेच फ्रिज काही मिनिटांनी डिस्पेन्सर आपण होऊन बंद करतात, आणि मग लोक अजूनच घाबरतात.

पहिलं पाणी करडं-काळं येतं, ती कोळशाची पूड. पिऊ नये, पण झाडांना घालायला हरकत नाही. आमच्याकडे ते सगळं तुळशीला जातं. त्यानंतरचं पाणी दुधासारखं पांढुरकं दिसलं तर ग्लास ओट्यावर ठेवून बघायचं, खालून वर निवळत गेलं तर ती नुसती हवा. बर्फाचे पहिले दोन-तीन घाणेही टाकून द्यायचे, कारण आइसमेकरच्या नळीतही पूड आणि हवा गेलेली असते.

एवढं करूनही एक-दोन दिवस अधूनमधून फुर्र होतंच. छिद्रांतली हवा सावकाश सुटते. पण चार-पाच दिवसांनंतरही तेच असेल तर टिपटिप कधी होते ते बघा. पाणी घेतल्यावरच होऊन थांबत असेल तर टाकीत हवा आहे, अजून दोन-तीन जग काढा. कोणी हात लावला नसतानाही, रात्रीसुद्धा, थेंब पडत असतील तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाहीये, आणि त्याचं एक नेहमीचं कारण कमी दाब हे असतं. फिल्टर कितीही बदला, फरक पडणार नाही.

भारतातली गोष्ट थोडी वेगळी

पुण्या-मुंबईत दारात डिस्पेन्सर असलेले बरेचसे फ्रिज हाताने भरायच्या टाकीचे असतात, तिथे लाइनचा दाबच नसतो त्यामुळे हा प्रश्न येत नाही. लाइनवाला फ्रिज असेल तर मात्र गच्चीवरच्या टाकीचा हिशोब करावा लागतो. दहा मीटर उंचीला १ बार, म्हणजे १४ पीएसआय. सगळ्यात वरच्या मजल्यावर टाकी फ्रिजपेक्षा जेमतेम चार मीटर वर असली तर दाब भरला ६ पीएसआयच्याही खाली, आणि फ्रिजला किमान २० ते ३५ लागतो. तोच फ्रिज सात मजले खाली असता तर ३० पीएसआयच्या वर गेला असता. वर राहणाऱ्यांना बूस्टर पंप लावावा लागतो. त्यात टाकी रिकामी होऊन लाइनमध्ये हवा शिरली की फिल्टर जुना असला तरी परत तीच फुरफुर, मग पाचेक लिटर काढून टाकले की जाते.

आणि फ्रिजला आधीच आरओचं पाणी जोडलं असेल तर कार्बनच्या या फिल्टरला फारसं काम उरत नाही, उलट आधीच कमी असलेला दाब तो अजून खातो. अशा ठिकाणी कार्ट्रिजच्या जागी कंपनीचा बायपास प्लग, म्हणजे पाणी न गाळता तसंच पुढे जाऊ देणारं बूच, बसवतात. तो बसवल्यावरही थोडी हवा निघते, पण दोन-तीन जगांत आटोपतं.