एक पेसो, एक डॉलर: पूर्ण पाठबळ होते, पण कशाला?

आपले चलन परकीय चलनाशी ठरावीक दराने बांधून ठेवणारी मंडळे, म्हणजेच ‘करन्सी बोर्ड’, ब्रिटिश वसाहतींच्या काळातली आहेत. पहिले मंडळ 1849 मध्ये मॉरिशसमध्ये स्थापन झाले. त्यांचे काम सरळ होते: कोणी पौंड आणून दिला तर तेवढ्या किमतीच्या स्थानिक नोटा द्यायच्या आणि नोटा परत आल्या तर पौंड द्यायचा. स्वातंत्र्यानंतर बहुतेक देशांनी ही मंडळे मोडून स्वतःच्या मध्यवर्ती बँका उभारल्या आणि ही व्यवस्था इतिहासजमा होईल असे वाटले. 1983 मध्ये हाँगकाँगने एका अमेरिकी डॉलरला 7.80 हाँगकाँग डॉलर हा दर ठरवून तिला पुन्हा जवळ केले. मात्र ती नव्याने चर्चेत आली, आणि तिच्याविषयीचा गोंधळही वाढला, तो अर्जेंटिनामुळे.

1989 मध्ये अर्जेंटिनातील महागाईचा वार्षिक दर 3,000 टक्क्यांच्या घरात गेला होता. अशा स्थितीत 1 एप्रिल 1991 पासून परिवर्तनीयता कायदा लागू झाला. अर्जेंटिनाचे तेव्हाचे चलन असलेले 10,000 ऑस्ट्राल म्हणजे एक डॉलर, असा दर त्याने कायद्यातच लिहून टाकला. 1 जानेवारी 1992 रोजी चार शून्ये काढून नवा पेसो आला आणि एक पेसो म्हणजे एक डॉलर हे समीकरण सर्वांच्या तोंडी बसले. तूट भरून काढण्यासाठी नोटा छापण्याची सरकारची वाट बंद झाली आणि काही वर्षांत महागाई जवळजवळ नाहीशी झाली. हे यश खरे होते व ते नाकारण्याचे कारण नाही.

परंतु या व्यवस्थेला सर्रास ‘करन्सी बोर्ड’ म्हटले गेले आणि तिच्यामागे ‘पूर्ण पाठबळ’ आहे, म्हणजे प्रत्येक पेसोमागे एक डॉलर राखलेला आहे, असे सांगितले गेले, तेव्हा हे दोन्ही शब्द सैल वापरले जात होते. पहिल्या शब्दाबाबतचा आक्षेप असा, की मूळच्या वसाहती मंडळाला बँकांना कर्ज देण्याचा अधिकारच नसे, तर अर्जेंटिनात मध्यवर्ती बँक कायम राहिली होती. शिवाय चलनामागच्या गंगाजळीचा काही भाग, पुढे जास्तीत जास्त एक तृतीयांश, अर्जेंटिना सरकारच्याच डॉलरमधील रोख्यांच्या रूपात ठेवण्याची मुभा कायद्याने दिली होती. हे रोखे डॉलरमध्ये असले तरी ते फेडणारा होता तोच सरकारी खजिना, ज्याच्यावर लोकांचा विश्वास उरला नव्हता म्हणून हा कायदा करावा लागला होता.

दुसऱ्या शब्दाचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. पाठबळ होते ते लोकांच्या हातातील नोटांना आणि बँकांनी मध्यवर्ती बँकेत ठेवलेल्या रकमेला. बँकांमधील ठेवींना ते नव्हते. समजा, एखाद्याने बँकेत 100 डॉलर ठेवले, बँकेने 20 राखून 80 एका कारखानदाराला कर्जाऊ दिले आणि कारखानदाराने ते यंत्रसामग्रीसाठी परदेशी पाठवले. ठेवीदाराच्या पासबुकात 100 डॉलर दिसतात, बँकेजवळ मात्र 20 असतात. हे प्रत्येक देशात घडते. फरक एवढाच, की जिथे मध्यवर्ती बँकेच्या हाती स्वतःचे चलन असते, तिथे सगळे ठेवीदार एकदम दारात आले तर ती नोटा पुरवू शकते आणि घबराट ओसरते. डॉलर मात्र तिला छापता येत नाहीत. अर्जेंटिनातील निम्म्याहून अधिक ठेवी तर डॉलरमध्येच होत्या. मेक्सिकोतील संकटाची झळ 1995 मध्ये लागली तेव्हा काही महिन्यांत ठेवींचा सहाव्या हिश्श्याच्या आसपासचा भाग बँकांतून निघून गेला होता. परदेशी कर्जाच्या आधाराने ते वर्ष निभावले. पाठबळाच्या या मर्यादेबद्दल तेव्हाच सामान्य ठेवीदाराशी स्पष्ट बोलायला हवे होते, असे मला ठामपणे वाटते.

जानेवारी 1999 मध्ये शेजारच्या ब्राझीलने आपले चलन खुले सोडले आणि ते झपाट्याने घसरले. अर्जेंटिनाचा माल एका रात्रीत महाग ठरला. दर हलवता येत नसेल तर उरतो एकच मार्ग: देशातील पगार आणि किमती खाली आणणे. ते अत्यंत सावकाश होते आणि बेरोजगारीतूनच होते. व्याजदर कमी करून आधार देण्याचा उपायही हाती नव्हता, कारण मूळ व्याजदर अमेरिकेच्या गरजांनुसार ठरत होता आणि त्यावर अर्जेंटिनाच्या जोखमीचा भार वेगळा चढत होता.

जून 2001 मधील निर्णय आजही वादाचा विषय आहे. पेसो पुढे निम्मा डॉलर व निम्मा युरो यांना बांधावा असा कायदा झाला, पण तो दोन्ही चलने समान किमतीला आल्यावर लागू व्हायचा होता. दरम्यान परदेशी व्यापारासाठी हा मिश्र दर लगेच सुरू झाला. युरो तेव्हा सुमारे 85 सेंटला होता. त्यामुळे निर्यातदाराला एका डॉलरमागे 1.08 पेसोच्या आसपास मिळू लागले आणि आयातदाराला तेवढेच मोजावे लागू लागले. समर्थकांच्या मते ही निर्यातीला दिलेली सवलत होती. तरीही ज्या व्यवस्थेचे सगळे बळ दर कधीच बदलणार नाही या एका वचनात होते, तिने दर बदलता येतो हे स्वतःच दाखवून दिले. त्या वर्षी बँकांतील ठेवींचा सुमारे पाचवा हिस्सा बाहेर गेला. डिसेंबरच्या सुरुवातीला खात्यातून आठवड्याला फक्त 250 पेसो रोख काढण्याची मर्यादा आली आणि त्याच महिन्यात रस्त्यांवर दंगली उसळल्या. प्रांतिक सरकारे तर त्याआधीपासूनच पगार स्वतः छापलेल्या रोख्यांत देत होती आणि ते रोखे नोटांसारखे बाजारात फिरत होते. पैसा छापण्याचा जो अधिकार कायद्याने सोडला होता, तो असा मागच्या दाराने परत आला.

6 जानेवारी 2002 रोजी समीकरण मोडले. पुढे डॉलरमधील ठेवी 1.40 दराने, तर बँकांनी दिलेली डॉलरमधील कर्जे एकास एक दराने पेसोत बदलण्यात आली. हा फरक शेवटी सरकारने, म्हणजे करदात्यांनी, नवे रोखे काढून भरला. वर्षाच्या मध्यापर्यंत डॉलर चार पेसोच्या जवळ पोहोचला होता.

यावर अनेकांनी असा निष्कर्ष काढला, की चलन पूर्णपणे सोडूनच द्यावे, म्हणजे मोडायला वचनच उरणार नाही. इक्वेडोरने जानेवारी 2000 मध्ये ते केले होते. सुक्रे या तिथल्या चलनासाठी 25,000 सुक्रेला एक डॉलर हा दर निवडण्यामागे साधा हिशेब होता: त्या दराने चलनातील सगळे सुक्रे विकत घेण्याइतकी गंगाजळी शिल्लक होती. मात्र इथे आणखी एक गोष्ट हातची जाते. मंडळाच्या व्यवस्थेत गंगाजळीतील डॉलर अमेरिकी रोख्यांत गुंतवता येतात आणि त्यांचे व्याज देशाला मिळते. लोकांच्या खिशात थेट डॉलरच्या नोटा आल्या, की ते उत्पन्न अमेरिकेकडे जाते. हा वाटा काही प्रमाणात परत मिळावा अशी बोलणी अर्जेंटिनाने 1999 मध्ये करून पाहिली होती, पण अमेरिकी कायदेमंडळात तशी तरतूद मंजूर झाली नाही.

बँकांवर गर्दी झाली तर रोकड कुठून आणायची, हा प्रश्न इक्वेडोरमध्येही तसाच राहिला. 2014 च्या अखेरीस तेथील मध्यवर्ती बँकेने मोबाइलवर चालणारा डॉलरमधील इलेक्ट्रॉनिक पैसा सुरू केला. सरकार यातून पुन्हा स्वतःचे चलन आणेल या शंकेने लोकांनी तो फारसा वापरला नाही आणि काही वर्षांत ती सेवा बंद करण्यात आली.