मापनक्षम विपणन उद्दिष्टे व त्यांचे निर्देशक (विपणन योजनेच्या स्वाध्यायात)

विपणन योजनेच्या स्वाध्यायात परिस्थितीचे विश्लेषण संपल्यावर आणि प्रत्यक्ष उपक्रमांचे वर्णन सुरू होण्याआधी उद्दिष्टांचा भाग येतो. ठरावीक मुदतीत ग्राहकांच्या माहितीत, मतात किंवा वागण्यात कोणता बदल घडवायचा आहे आणि तो किती, हे ज्या विधानात संख्येने सांगितलेले असते त्याला मापनक्षम विपणन उद्दिष्ट म्हणतात. तो बदल घडला की नाही हे ज्या मापावरून ठरवायचे, ते माप म्हणजे मुख्य कामगिरी निर्देशक. व्यवहारात त्याला केपीआय असेच म्हटले जाते. हा भाग लांबीने लहान असला, तरी त्यापुढील उपक्रम, खर्चाचे अंदाजपत्रक आणि नियंत्रणाचा आराखडा ही तिन्ही प्रकरणे त्याच्याच आधाराने लिहिली जातात.

या लेखनपद्धतीची दोन मुळे सहज दाखवता येतात. रसेल कोली यांनी १९६१ मध्ये जाहिरातीच्या उद्दिष्टांविषयी असा आग्रह धरला, की कोणत्या लोकांमध्ये, संदेशवहनाचे कोणते काम, किती प्रमाणात आणि किती काळात साधायचे हे आधी लिहून काढावे. जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये एका लेखात ‘स्मार्ट’ हे पाच इंग्रजी आद्याक्षरांचे सूत्र मांडले. त्यातील चार अक्षरे उद्दिष्ट नेमके, मोजता येण्याजोगे, वास्तववादी आणि कालबद्ध असावे असे सांगतात. उरलेले ‘ए’ हे अक्षर आज अभ्यासक्रमांत ‘साध्य होण्याजोगे’ या अर्थाने शिकवले जाते. डोरन यांच्या मूळ मांडणीत मात्र त्याचा अर्थ ‘कोणावर तरी सोपवता येण्याजोगे’ असा होता. हा मूळ अर्थ स्वाध्यायासाठी अधिक उपयोगी आहे, कारण उद्दिष्ट कोणाच्या हातात आहे हा प्रश्न विचारला, की विपणनाच्या आवाक्याबाहेरची विधाने आपोआप गळून पडतात.

विद्यार्थ्यांच्या पहिल्या मसुद्यात सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे उपक्रमालाच उद्दिष्ट समजणे. ‘समाजमाध्यमांवर आठवड्यातून तीन पोस्ट टाकणे’ हे मोजता येते, त्याला मुदतही आहे, तरीही ते उद्दिष्ट नाही; कारण सगळ्या पोस्ट वेळेवर टाकल्या गेल्या आणि एकाही ग्राहकाचे वागणे बदलले नाही, तरी ते पूर्ण झाल्याची नोंद होईल. वाक्याचा कर्ता बदलून पाहिला, की ही चूक लगेच कळते. कर्ता कंपनी असेल तर ते बहुधा काम असते, आणि कर्ता ग्राहक असेल तर ते उद्दिष्ट होण्याची शक्यता असते. ‘विक्री वाढवणे’ या विधानात अडचण निराळी आहे. विक्री हे व्यवसायाचे उद्दिष्ट असून किंमत, पुरवठा, विक्रेते आणि स्पर्धक हे सारे तिच्यावर परिणाम करतात. म्हणून व्यवसायाचे उद्दिष्ट वर लिहावे आणि त्याच्याखाली, ते साधण्यासाठी ग्राहकाच्या वाटेवरील कोणता टप्पा सुधारायचा, ते विपणनाचे उद्दिष्ट म्हणून मांडावे.

हे उकलून दाखवण्यासाठी व्यायामाचे ऑनलाइन मार्गदर्शन मासिक वर्गणीवर देणारी एक काल्पनिक सेवा घेऊ. तिच्या संकेतस्थळाला महिन्याला २०,००० जण भेट देतात, त्यांपैकी ६०० जण पंधरा दिवसांच्या मोफत चाचणीसाठी नाव नोंदवतात आणि त्यांतील १५० जण पुढे वर्गणी भरतात. म्हणजे नोंदणीचे प्रमाण ३ टक्के आणि चाचणीतून वर्गणीकडे वळण्याचे प्रमाण २५ टक्के आहे. सहा महिन्यांत दरमहा नवे वर्गणीदार १५० वरून २१० वर न्यायचे, असे व्यवसायाचे उद्दिष्ट आहे. ही ४० टक्क्यांची वाढ कुठून यायची, हा स्वाध्यायाचा खरा प्रश्न. भेट देणारे तितकेच राहिले, नोंदणीचे प्रमाण ३ वरून ३.५ टक्के झाले, तर ७०० नोंदण्या होतील. आणि त्यांतील ३० टक्के लोकांनी वर्गणी भरली, तर नेमके २१० वर्गणीदार मिळतील. वरच्या एका आकड्यातून अशी खालची दोन उद्दिष्टे निघतात आणि त्यांच्या लक्ष्यांकांमागे गणित असते. बहुतेक मसुद्यांत लक्ष्यांक दहा किंवा वीस टक्के असा गोल आकडा म्हणून अवतरतो आणि तो कुठून आला हे कोणालाच सांगता येत नाही. परीक्षकाचा पहिला प्रश्न तिथेच असतो.

पहिले उद्दिष्ट आता असे लिहिता येईल : ‘योजना सुरू झाल्यापासून सहाव्या महिन्याच्या अखेरीस, संकेतस्थळाला प्रथमच भेट देणाऱ्यांपैकी मोफत चाचणीसाठी नाव नोंदवणाऱ्यांचे मासिक प्रमाण ३ टक्क्यांवरून ३.५ टक्क्यांवर नेणे.’ या वाक्यात सुरुवातीची पातळी आणि शेवटची पातळी दोन्ही आहेत, ही गोष्ट महत्त्वाची. ‘नोंदणी अर्ध्या टक्क्याने वाढवणे’ असे लिहिले असते, तर ३ चे ३.५ झाले की ३ चे ३.०१५ झाले हे वाचणाऱ्याला ठरवता आले नसते. प्रमाणातील फरक आणि मूळ प्रमाणाच्या तुलनेतील वाढ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत; ३ वरून ३.५ हा फरक अर्ध्या टक्केबिंदूचा असला, तरी मूळ प्रमाणाच्या तुलनेत ती वाढ जवळजवळ १७ टक्क्यांची आहे. दोन्ही पातळ्या लिहिल्या की हा घोळ उरत नाही. ‘प्रथमच भेट देणाऱ्यांपैकी’ हे शब्दही अनाठायी नाहीत. जुने वर्गणीदार रोज संकेतस्थळावर येत असतील आणि ते छेदात धरले गेले, तर सेवा जितकी लोकप्रिय होईल तितके नोंदणीचे प्रमाण घसरलेले दिसेल. अर्थात सुरुवातीची ३ टक्क्यांची पातळीही याच व्याख्येने काढलेली असायला हवी. वरील २०,००० या आकड्यातही फक्त प्रथमच येणारेच धरले आहेत.

निर्देशक जोडताना उद्दिष्टातलीच क्रिया मोजली जात आहे ना, हे पाहावे. नोंदणीच्या उद्दिष्टासमोर ‘पृष्ठदर्शने’ किंवा ‘अनुयायांची संख्या’ लिहिलेली आढळते, कारण ते आकडे सहज मिळतात. मात्र अनुयायी दुप्पट होऊनही नोंदणी जागच्या जागी राहू शकते. पडताळणीची एक सोपी रीत अशी, की निर्देशक वाढला पण उद्दिष्ट फसले असा प्रसंग कल्पून पाहावा. तो सहज सुचला, तर जोडी चुकली आहे. असे आकडे टाकून द्यायचे नसतात. ते निदानासाठी ठेवावेत, परंतु उद्दिष्टासमोरचा रकाना त्यांना देऊ नये. एका उद्दिष्टाला एकच मुख्य निर्देशक असावा, कारण तीन निर्देशक दिले आणि दोन वर गेले, एक खाली आला, तर योजना यशस्वी झाली की नाही यावर नुसता वाद होतो.

दुसऱ्या उद्दिष्टाची जोडी वरवर सरळ दिसते : निर्देशक, चाचणीतून वर्गणीकडे वळण्याचे प्रमाण. पण त्याचे सूत्र ‘महिन्यातील नवे वर्गणीदार भागिले त्याच महिन्यातील नोंदण्या’ असे लिहिले, तर तो निर्देशक दिशाभूल करतो. समजा, पहिले उद्दिष्ट चांगले साधून नोंदण्या एका महिन्यात ६०० वरून ७२० वर गेल्या आणि त्या महिनाभर सारख्या विखुरलेल्या आहेत. चाचणी पंधरा दिवसांची असल्यामुळे या महिन्यात निर्णयाला आलेले लोक म्हणजे मागील महिन्याच्या उत्तरार्धातले ३०० आणि या महिन्याच्या पूर्वार्धातले ३६०, असे एकूण ६६०. त्यांच्यापैकी पूर्वीप्रमाणेच २५ टक्क्यांनी वर्गणी भरली, तर १६५ वर्गणीदार मिळतात. १६५ ला ७२० ने भागले, की उत्तर २२.९ टक्के येते. लोकांच्या वागण्यात काहीही बदल झालेला नसताना निर्देशक मात्र घसरण दाखवतो, आणि घसरण दिसली म्हणून चांगला चाललेला उपक्रम बंद पडू शकतो. उपाय असा, की ज्या महिन्यात नोंदणी झाली त्या महिन्याच्या गटाचा शेवटपर्यंत मागोवा घ्यावा : त्या महिन्यात नोंदणी केलेल्यांपैकी किती जणांनी चाचणी संपल्यापासून सात दिवसांच्या आत वर्गणी भरली. हा आकडा तीन आठवड्यांहून अधिक उशिरा हाती येतो, म्हणून नियंत्रणाच्या वेळापत्रकातही तेवढे अंतर धरावे लागते. सहा महिन्यांच्या योजनेत सहाव्या महिन्याच्या गटाचा निकाल सातव्या महिन्यात लागेल, हे उद्दिष्टाच्या मुदतीतच नमूद करणे योग्य.

या उद्दिष्टाला एक राखणदार मापही लागते. पहिल्या महिन्याची वर्गणी निम्मी केली, तर वळण्याचे प्रमाण ३० टक्क्यांवर सहज जाईल, पण ते लोक दुसऱ्या महिन्यात निघूनही जातील. चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणासंदर्भात नोंदवलेले निरीक्षण, की नियंत्रणासाठी वापरलेले माप पूर्वीसारखे विश्वासार्ह राहत नाही, इथे अगदी लागू पडते. म्हणून मुख्य निर्देशकाशेजारी ‘दुसऱ्या महिन्याची वर्गणी भरणाऱ्यांचे प्रमाण सध्याच्या पातळीखाली जाऊ नये’ अशी मर्यादा लिहावी. ते वेगळे उद्दिष्ट नव्हे. मूळ उद्दिष्ट कोणत्या किमतीवर साधलेले चालणार नाही, एवढेच ते सांगते.

ब्रँडच्या ओळखीविषयीचे उद्दिष्ट याहून अवघड, कारण तिथे माप पाहणीतून येते आणि पाहणीला नमुन्याची चूक असते. ‘सहा महिन्यांत, नाव सांगितल्यावर ब्रँड ओळखणाऱ्यांचे प्रमाण १२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर नेणे, निर्देशक : आधी व नंतर प्रत्येकी ४०० जणांची पाहणी’ हे विधान स्मार्टच्या पाचही कसोट्यांवर उतरते आणि तरीही निरुपयोगी ठरते. प्रत्येकी ४०० जणांच्या दोन यादृच्छिक नमुन्यांतील या पातळीवरचा फरक ९५ टक्के विश्वासपातळीला साधारण पावणेपाच टक्केबिंदूंपर्यंत निव्वळ योगायोगाने येऊ शकतो. तीन बिंदूंची खरी वाढ झाली, तरी ती या पाहणीत वेगळी ओळखता येणार नाही. अशा वेळी एक तर नमुना प्रत्येकी हजाराच्या बराच पुढे न्यावा आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात दाखवावा, नाही तर योजनेचा आवाका खरोखरच तेवढा असेल तर उद्दिष्ट मोठे करावे. दोन्ही परवडत नसतील, तर ब्रँडच्या नावाने होणाऱ्या शोधांची संख्या हा पर्यायी निर्देशक घेता येतो. मात्र तो ओळखीचे नव्हे तर उत्सुकतेचे माप आहे, त्यामुळे उद्दिष्टाचे शब्दही त्याप्रमाणे बदलावे लागतात.

स्वाध्यायात ही माहिती बहुधा तक्त्यात मागितली जाते. उद्दिष्ट, निर्देशक, सूत्र, आकड्याचा स्रोत, सुरुवातीची पातळी, लक्ष्यांक, तपासणीची वेळ आणि जबाबदार व्यक्ती इतके रकाने पुरतात. सुरुवातीची पातळी ठाऊक नसेल, तर ती अंदाजाने भरण्यापेक्षा पहिला महिना केवळ मोजणीसाठी राखून ठेवल्याचे लिहावे आणि लक्ष्यांक ‘मोजलेल्या पातळीच्या सव्वापट’ असा सशर्त द्यावा. शेवटी आणखी एक रकाना जोडला, तर तक्ता कामाचा होतो : निर्देशक अपेक्षेपेक्षा मागे पडला तर काय बदलायचे. वरच्या उदाहरणात तिसऱ्या महिन्यापर्यंत नोंदणीचे प्रमाण ३.२ टक्क्यांच्या खाली असेल, तर जाहिरातीवरचा वाढीव खर्च थांबवून आधी नोंदणीचा अर्ज लहान करायचा, असे त्या रकान्यात लिहिता येईल.