उताऱ्यावरील अनुमान

उताऱ्यावरील अनुमान हा शाब्दिक चाचणीतील, म्हणजे बोलीभाषेत व्हर्बल राउंडमधील, एक ठरलेला प्रश्नप्रकार आहे. पाच-सहा वाक्यांचा उतारा देतात आणि त्याखाली काही विधाने असतात. उताऱ्यातील मजकूर खरा धरून प्रत्येक विधान ‘खरे’, ‘खोटे’ की ‘सांगता येत नाही’ हे ठरवायचे असते. भाषा अवघड नसते, विषयही ओळखीचा असतो. तरी गुण जातात, कारण उताऱ्यात सांगितलेले आणि उताऱ्यातून नुसते सुचणारे या दोहोंमधली रेघ वाचताना पुसली जाते. रोजच्या वाचनात ती पुसली जावी अशीच अपेक्षा असते. चाचणी नेमकी तीच सवय तपासते.

उताऱ्याशी विधानाचे नाते चार प्रकारचे असू शकते. काही विधाने उताऱ्यात शब्दशः किंवा वेगळ्या शब्दांत लिहिलेलीच असतात. काही लिहिलेली नसतात, पण लिहिलेल्या गोष्टींतून अटळपणे निघतात. काही नुसती सुचतात: लेखकाचा रोख तिकडे आहे असे वाटते, पण त्याने तसे म्हटलेले नसते. उरलेली उताऱ्याच्या विरोधात जातात. पहिल्या दोन प्रकारांना ‘खरे’, चौथ्याला ‘खोटे’ आणि तिसऱ्याला ‘सांगता येत नाही’ हे उत्तर. बहुतेक चुका दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराच्या सीमेवर होतात. ज्याविषयी उतारा अवाक्षरही काढत नाही त्या विधानांचे उत्तरही ‘सांगता येत नाही’ हेच असते, पण ती सहसा लगेच ओळखू येतात.

सीमा तपासण्याची रीत अशी. उताऱ्यातील प्रत्येक शब्द खरा आहे, पण विधान खोटे आहे, अशी एखादी परिस्थिती कल्पून पाहावी. ती कल्पिताच येत नसेल, तर विधान खरे. मग उलट करावे: उतारा आणि विधान दोन्ही एकदम खरी असतील अशी परिस्थिती कल्पावी. ती जमत नसेल, तर विधान खोटे. दोन्ही जमल्या, तर सांगता येत नाही. कल्पलेली परिस्थिती संभाव्य असण्याची गरज नाही, शक्य असली की पुरे. ही अट ध्यानात न राहिल्याने ‘असे कुठे होते का’ म्हणून योग्य उत्तर खोडले जाते.

नमुन्यासाठी हा उतारा घेऊ:

“ग्रंथालयाने मागील वर्षी सायंकाळची वेळ दोन तासांनी वाढवली. त्यानंतरच्या सहा महिन्यांत वाचकांच्या भेटींची मासिक सरासरी ४,००० वरून ५,००० झाली. घरी नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची मासिक सरासरी मात्र पूर्वीइतकीच राहिली. ग्रंथपालांच्या मते सायंकाळी येणारे बहुतेक वाचक अभ्यासिकेत बसण्यासाठी येतात. काही सभासदांनी ग्रंथालय रविवारीही उघडे ठेवावे अशी मागणी केली आहे. कर्मचारी वाढल्याशिवाय ते शक्य नाही.”

पहिले विधान: ‘दर भेटीमागे घरी नेल्या जाणाऱ्या पुस्तकांचे प्रमाण घटले.’ उताऱ्यात ‘प्रमाण’ हा शब्दही नाही, म्हणून पुष्कळजण ‘सांगता येत नाही’वर खूण करतात. पण पुस्तके तेवढीच आणि भेटी सव्वापट, तर भागाकार कमी होणारच. उतारा खरा आणि हे विधान खोटे अशी परिस्थिती कल्पिता येत नाही. उत्तर ‘खरे’. ही अतिसावधपणाची चूक आहे. सराव करू लागलेल्यांत ती हमखास दिसते, कारण ‘सांगता येत नाही’चे महत्त्व नुकतेच कळलेले असते आणि मग सगळीकडे तेच दिसू लागते. साधी आकडेमोड, शब्दांचे अर्थ आणि दोन वाक्यांची सांगड हे सारे उताऱ्याच्या आतलेच मानले जाते.

दुसरे विधान: ‘वेळ वाढवल्यामुळे वाचकांच्या भेटी वाढल्या.’ उतारा ‘त्यानंतर’ म्हणतो, ‘त्यामुळे’ म्हणत नाही. त्याच सुमारास परीक्षांचा हंगाम आला असेल, किंवा जवळची दुसरी अभ्यासिका बंद पडली असेल. उत्तर ‘सांगता येत नाही’. उतारा लिहिणारे अशी वाक्ये मुद्दाम शेजारी ठेवतात, कारण आपले मन दोन लागोपाठच्या घटनांमध्ये कारणाचा धागा आपोआप ओवते.

तिसरे: ‘सायंकाळी येणारे बहुतेक वाचक अभ्यासिकेत बसण्यासाठी येतात.’ हे वाक्य उताऱ्यात जसेच्या तसे आहे, म्हणून ‘खरे’ वाटते. पण त्याच्या आधी ‘ग्रंथपालांच्या मते’ आहे. उतारा खात्री देतो ती ग्रंथपालांचे असे मत असल्याची, मत बरोबर असल्याची नव्हे. ‘ग्रंथपालांना असे वाटते’ हे विधान खरे ठरले असते. नुसते विधान मात्र ‘सांगता येत नाही’. ‘मते’, ‘दावा’, ‘अपेक्षा’, ‘असे कळते’ आणि मराठीतले चिमुकले ‘म्हणे’ हे सगळे शब्द वस्तुस्थितीला एक वेष्टन घालतात. विधानात ते वेष्टन गळले आहे का, हे आधी पाहावे.

चौथे: ‘कर्मचारी वाढवल्यास ग्रंथालय रविवारी उघडे राहील.’ हा सापळा सर्वांत चांगला विणलेला आहे. ‘वाढल्याशिवाय शक्य नाही’ म्हणजे कर्मचारी वाढणे आवश्यक आहे. तेवढे पुरेसे आहे असे कोणी म्हटलेले नाही. कर्मचारी वाढूनही व्यवस्थापन नकार देऊ शकते. उत्तर ‘सांगता येत नाही’. याउलट ‘ग्रंथालय रविवारी उघडू लागले, तर कर्मचारी वाढलेले असतील’ हे खरे, कारण तो त्याच अटीचा दुसरा चेहरा आहे. ‘शिवाय’, ‘खेरीज’, ‘तरच’ दिसले की अट कोणत्या बाजूने चालते ते पाहावे. ‘तर’ आणि ‘तरच’ यांच्यातला एका ‘च’चा फरक अटीची दिशाच फिरवतो.

पाचवे: ‘काही सभासदांना रविवारची सोय नको आहे.’ ‘काही सभासदांनी मागणी केली’ हे वाचताच ‘म्हणजे बाकीच्यांनी केली नाही’ असे कानात वाजते. ब्रिटिश तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात अशा सूचित अर्थाची फोड केली. ‘सर्व’ म्हणता आले असते तर वक्त्याने तेच म्हटले असते, असे श्रोता धरून चालतो, आणि म्हणून ‘काही’चा अर्थ ‘सर्व नव्हे’ असा घेतो. या अर्थाची ओळखण्याची खूण म्हणजे तो मागे घेता येतो: ‘काही सभासदांनी मागणी केली, किंबहुना सर्वांनीच केली’ या वाक्यात विसंगती नाही. जो अर्थ वाक्य न मोडता मागे घेता येतो, तो सुचलेला होता, सांगितलेला नव्हता. चाचणीत ‘काही’ म्हणजे ‘निदान एक तरी’, वरची मर्यादा नाही. शिवाय इथे दुसरी उडीही आहे: मागणी न करणे म्हणजे नको असणे नव्हे. उत्तर ‘सांगता येत नाही’.

सहावे: ‘सध्या ग्रंथालय रविवारी बंद असते.’ हेही उताऱ्यात कुठे लिहिलेले नाही. पण ‘रविवारीही उघडे ठेवावे’ ही मागणी आणि ‘ते शक्य नाही’ हे शेवटचे वाक्य एकत्र वाचले, तर रविवारी ते उघडे आहे अशी परिस्थिती उभीच राहत नाही. उत्तर ‘खरे’. नुसती मागणी असती, तर तज्ज्ञांतही मतभेद झाला असता, कारण मागणी करणाऱ्याची समजूत चुकीची असू शकते. चांगला प्रश्नकर्ता अशा जागी एखादे पक्के वाक्य ठेवतो. न ठेवल्यास तो दोष प्रश्नाचा.

‘खोटे’ हे उत्तर या तिघांत सर्वांत सोपे, पण एका जागी फसवते. ‘भेटींबरोबर घरी नेलेली पुस्तकेही त्याच प्रमाणात वाढली’ हे खोटे, कारण उताऱ्याशी थेट टक्कर होते. ‘ग्रंथालयाच्या पुस्तकसंग्रहात भर पडलेली नाही’ हे मात्र खोटेही नाही आणि खरेही नाही. आधार न सापडणे आणि विरोध सापडणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ‘खोटे’वर खूण करताना उताऱ्यातल्या नेमक्या कोणत्या शब्दाशी विरोध येतो, त्यावर बोट ठेवता आले पाहिजे.

बाहेरचे ज्ञान किती आणायचे, हा वाद जुना आहे. मीमांसा या भारतीय दर्शनाच्या पंडितांचे, म्हणजे मीमांसकांचे, प्रसिद्ध उदाहरण आहे: देवदत्त लठ्ठ आहे आणि दिवसा जेवत नाही, म्हणजे तो रात्री जेवत असला पाहिजे. मीमांसक याला अर्थापत्ती हे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानतात; न्याय दर्शनाचे पंडित, म्हणजे नैयायिक, ते अनुमानातच बसवतात. चाचणीच्या दृष्टीने पाहण्यासारखे एवढेच, की हा निष्कर्ष केवळ दिलेल्या दोन वाक्यांतून निघत नाही. न जेवता माणूस लठ्ठ राहत नाही हे तिसरे वाक्य आपण गुपचूप जोडतो. असे जोडवाक्य स्पष्ट उच्चारून पाहणे हा सर्वांत भरवशाचा उपाय. ते कोणीही नाकारणार नाही असे असेल (आठवड्यात सात दिवस असतात, भाग पूर्णापेक्षा लहान असतो) तर चालते. ते एखाद्या क्षेत्राची माहिती, बातमी किंवा स्वतःचे मत असेल, तर चालत नाही. म्हणूनच उताऱ्याचा विषय आपल्या अभ्यासाचा निघाला की धोका वाढतो.

उत्तरांची पट्टी सगळीकडे तीनच पायऱ्यांची नसते. चिकित्सक विचार तपासणाऱ्या वॉटसन-ग्लेझर चाचणीच्या अनुमान विभागात पाच पर्याय असतात: खरे, बहुधा खरे, माहिती अपुरी, बहुधा खोटे आणि खोटे. तिथे सर्वसामान्य ज्ञान वापरून शक्यता तोलायची असते, त्यामुळे वरचे दुसरे विधान ‘बहुधा खरे’ ठरू शकते. तेच विधान दोन चाचण्यांत दोन उत्तरे घेते, आणि दोन्ही बरोबर असतात. सूचनापत्र न वाचता एका पट्टीचा सराव दुसरीवर लादला, की चांगल्या वाचकाचेही गणित बिघडते.

मराठी उताऱ्यांत आणखी एक अडचण येते, ती नकाराच्या व्याप्तीची. ‘सगळे सभासद आले नाहीत’ याचा अर्थ ‘एकही आला नाही’ असाही होतो आणि ‘काही आले, काही नाही’ असाही. ‘सगळेच सभासद आले नाहीत’ म्हटले तर बहुतेकांचा कल दुसऱ्या अर्थाकडे जातो, तोही पूर्ण नव्हे. अशा वाक्यावर आधारलेले विधान आले, तर दोन्ही अर्थांनी एकच उत्तर येते का ते पाहावे. वेगवेगळी येत असतील तर ‘सांगता येत नाही’. ‘मात्र’ आणि ‘पण’ यांचे उलट आहे. ते विरोधाची छटा देतात, पण वस्तुस्थितीत काही भर घालत नाहीत. त्यांच्या जागी ‘आणि’ घातले तरी विधानाचे उत्तर बदलत नाही.

दर विधानाला अर्धा ते एक मिनिट मिळत असेल, तर आधी विधान वाचावे आणि त्यातले तीन शब्द पकडावेत: कोणाविषयी, किती, आणि कोणत्या नात्याने, म्हणजे ‘मुळे’, ‘पेक्षा’ की ‘तर’. मग उताऱ्यात त्या विषयाची ओळ शोधून तिच्या मागचे-पुढचे एकेक वाक्य वाचावे. चूक तपासतानाही हीच तीन नावे कामी येतात. चुकलेली वीस-पंचवीस विधाने घेऊन प्रत्येकापुढे ‘व्यक्ती’, ‘संख्या’ किंवा ‘नाते’ असे लिहिले, तर त्यांतला एक शब्द इतरांपेक्षा जास्त वेळा येतो का ते दिसते. नात्याच्या चुका करणाऱ्याने वेग वाढवून उपयोग नाही. त्याने विधानातले जोडशब्द अधोरेखित करून आधी कारण, अट आणि क्रम वेगळे करावेत.