पाच मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम?

"मागच्या वेळी पाच एमएल दिलं होतं, आताही तेवढंच दे." मूल तापलं की हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. पण पाच एमएल म्हणजे फक्त पातळ औषध किती, ते. त्यात पॅरासिटॅमॉल किती आहे, हे बाटली बदलली की बदलतं.

आपल्याकडे लहान मुलांसाठी पॅरासिटॅमॉल प्रामुख्याने तीन प्रकारांत मिळतं. तान्ह्यांसाठीच्या ड्रॉप्समध्ये साधारणपणे 1 मि.लि.मध्ये 100 मि.ग्रॅ. औषध असतं. साध्या सिरपच्या 5 मि.लि.मध्ये 120 किंवा 125 मि.ग्रॅ. असतं आणि 'डीएस' लिहिलेल्या सिरपच्या 5 मि.लि.मध्ये 250. ड्रॉप्स बाळासाठी म्हणून ते सौम्य असणार, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तिन्हींत तेच सर्वांत दाट आहेत. तान्ह्या बाळाला एका वेळी थोडंसंच पाजता येतं, म्हणून थोड्या द्रवात जास्त औषध भरलेलं असतं. पाच मि.लि. साध्या सिरपमधून 125 मि.ग्रॅ. पोटात जातं, डीएसमधून 250 आणि ड्रॉप्समधून थेट 500.

म्हणून हिशोबाची सुरुवात वजनापासून करायची. पॅरासिटॅमॉलचा एका वेळचा डोस दर किलोला 10 ते 15 मि.ग्रॅ. असतो. दोन डोसांमध्ये किमान चार तास जायला हवेत, सहा तास गेले तर उत्तम, आणि चोवीस तासांची बेरीज किलोमागे 60 मि.ग्रॅ.च्या वर जाऊ नये. वयावरून डोस ठरवणं सोपं वाटतं, पण दीड वर्षाचं एक मूल आठ किलोचं असतं आणि दुसरं बारा किलोचं. वजन ताजं हवं. घरात बाळाचा काटा नसेल, तर आईने बाळाला घेऊन डिजिटल काट्यावर उभं राहावं, मग एकटीने, आणि वजाबाकी करावी. काही घरांत 'सारखं वजन केलं की दृष्ट लागते' म्हणून वजन करतच नाहीत. काट्यामुळे बाळाला काहीही होत नाही, मात्र जुन्या वजनावर काढलेला डोस चुकतो.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवू. चौदा महिन्यांचं बाळ आहे, वजन 9.2 किलो. खालची मर्यादा 9.2 × 10 म्हणजे 92 मि.ग्रॅ., वरची 9.2 × 15 म्हणजे 138. डोस या दोन आकड्यांच्या मध्ये बसला पाहिजे. हातात 5 मि.लि.मध्ये 125 मि.ग्रॅ.चं सिरप आहे, म्हणजे 1 मि.लि.मध्ये 25 मि.ग्रॅ. पाच मि.लि. द्यायचं ठरवलं, तर बाटली उघडण्याआधी हिशोब उलटा करून पाहायचा:

द्यायचे मि.लि. × एका मि.लि.मधले मि.ग्रॅ. ÷ वजन = किलोमागे मि.ग्रॅ.

5 × 25 ÷ 9.2 म्हणजे 13.6. हे 10 ते 15 मध्ये बसतं. दिवसात चार वेळा दिलं तर बेरीज 500 मि.ग्रॅ. होते आणि या बाळाची दिवसाची मर्यादा आहे 552. म्हणजे चार डोस चालतील, पाचवा चालणार नाही. हेच पाच मि.लि. डीएसचं असतं, तर उत्तर 27 आलं असतं, जवळजवळ दुप्पट. ड्रॉप्सचं असतं तर 54. ड्रॉप्समधून या बाळाला 1.2 मि.लि. पुरतं. दशांशचिन्ह नजरेतून सुटलं आणि 12 मि.लि. गेलं, तर किलोमागे 130 मि.ग्रॅ. होतात. उलटा हिशोब करायचा तो यासाठीच: सरळ हिशोबातली चूक कागदावर दिसत नाही, पण 10 ते 15 च्या जागी 130 आलं की लगेच डोळ्यांत भरतं.

अमेरिकेहून आलेल्या नातेवाइकांनी बाटली आणली असेल, तर तिथलं प्रमाण 5 मि.लि.मध्ये 160 मि.ग्रॅ. असतं. तेच पाच मि.लि. आपल्या या बाळाला 17 च्या वर नेतं. तिथे वजनही पाउंडांत सांगतात, आणि 20 पाउंड हे 20 किलो समजले तर डोस दुपटीहून जास्त होतो.

थोडं जास्त गेलं तर एवढं काय बिघडतं, याचं उत्तर यकृतात आहे. पोटात गेलेल्या पॅरासिटॅमॉलचा मोठा भाग यकृत निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकतं. त्यासाठी ते औषधाच्या रेणूला सल्फेट किंवा ग्लुकुरोनाइड जोडतं. लहान मुलांत सल्फेटचा वाटा मोठा असतो. उरलेल्या थोड्या भागापासून एनएपीक्यूआय नावाचा अतिशय विषारी पदार्थ तयार होतो. योग्य डोस घेतला तरी तो तयार होतोच, पण ग्लुटाथायोन नावाचा रेणू त्याला लगेच पकडून निष्प्रभ करतो. यकृतात या ग्लुटाथायोनचा साठा मर्यादित असतो. डोस वाढला की जोडणीचा नेहमीचा मार्ग तुंबतो, जास्त औषध विषारी वाटेने जातं आणि साठा झपाट्याने संपतो. मग एनएपीक्यूआय यकृताच्या पेशींच्या प्रथिनांनाच चिकटतं आणि पेशी मरतात.

हा साठा पुन्हा भरायला अन्नातली अमिनो आम्लं लागतात. ताप आलेलं मूल दोन-तीन दिवस जेवत नसतं, म्हणजे नेमकी त्याच वेळी भरपाई थांबलेली असते. त्यामुळे एकदाच मोठा डोस जाण्याइतकाच, रोज थोडा थोडा जास्त डोस तीन-चार दिवस जाण्याचाही धोका असतो. हा दुसरा प्रकार घडतो तो बहुधा सर्दीच्या सिरपमुळे. तापाचं औषध वेगळं आणि सर्दीचं वेगळं म्हणून दोन्ही दिली जातात, पण सर्दीच्या अनेक मिश्रणांतही पॅरासिटॅमॉल असतं. दोन्ही लेबलांवर ते नाव शोधावं आणि बेरीज एकत्र करावी. सर्दीच्या मिश्रणांत बहुधा असणाऱ्या क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन या जोडीबद्दल 2023च्या डिसेंबरमध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी चार वर्षांखालच्या मुलांना ती न देण्याचा इशारा लेबलवर छापायला सांगितलं आहे. तरी चार वर्षांखालच्या मुलांना ती अजूनही सहज दिली जाते.

मोजण्यासाठी स्वयंपाकघरातला चमचा वापरू नये, कारण दोन घरांतले चमचे सारखे नसतात. सुई नसलेली तोंडाने द्यायची सिरिंज सर्वांत अचूक. ड्रॉपर ज्या बाटलीचा असेल त्याच बाटलीसाठी वापरावा. बाटलीवर सस्पेन्शन लिहिलं असेल, तर आधी नीट हलवावी, कारण औषध तळाशी बसतं आणि मग वरचे डोस फिके, शेवटचे दाट होतात.

वजनाच्या हिशोबालाही मर्यादा आहेत. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर घरी हिशोब करत बसू नये, लगेच डॉक्टरांकडे न्यावं. वजनाने भारी असलेल्या मोठ्या मुलाचा आकडा मोठ्या माणसाच्या डोसापुढे जाऊ लागला, तर तिथेच थांबावं. आणि 10 ते 15 हा आकडा फक्त पॅरासिटॅमॉलचा आहे. अमॉक्सिसिलिनसारख्या प्रतिजैविकाचा डोस किलोमागे पूर्ण दिवसाचा सांगतात आणि मग तो दोन किंवा तीन वेळांत विभागतात. दिवसाचा आकडा एका वेळचा समजला, तर डोस दुप्पट-तिप्पट होतो.

एकाच वेळी किलोमागे 150 मि.ग्रॅ. किंवा त्याहून जास्त गेलं, तर यकृताला इजा होण्याची शक्यता धरतात. ड्रॉप्सच्या 15 मि.लि.च्या एका बाटलीत 1500 मि.ग्रॅ. असतं. आपल्या 9.2 किलोच्या बाळाने ती अख्खी प्यायली, तर आकडा 163 येतो. पहिल्या दिवशी मूल फारतर ओकेल किंवा अगदी खेळतंही असेल. यकृताचं दुखणं साधारण एक ते तीन दिवसांनी उघड होतं. त्यावरचं औषध, एन-ॲसिटिलसिस्टीन, ग्लुटाथायोनचा साठा पुन्हा भरायला मदत करतं, आणि पहिल्या आठ तासांत सुरू झालं तर सर्वांत चांगलं काम करतं. तेव्हा जास्त डोस गेल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न पाहता मुलाला रुग्णालयात न्यावं. बाटली सोबत घ्यावी आणि बाळाचं वजन, किती मि.लि. गेलं व किती वाजता गेलं, हे कागदावर लिहून न्यावं.