‘साठा मर्यादित’ आणि ‘मुदत मर्यादित’

जाहिरातीत ‘साठा मर्यादित, आज रात्रीपर्यंतच’ असे एका दमात लिहिले जाते, आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. साठ्याची मर्यादा नगांवर ठरते, मुदतीची घड्याळावर. ही दोन वेगळी विधाने आहेत आणि प्रत्येकाचा पुरावा वेगळा लागतो.

देवगडचा एखादा बागायतदार घरपोच हापूस विकतो असे समजू. या तोडीत त्याच्याकडे पाच डझनांच्या ८० पेट्या भरतील. ‘या तोडीत ८० पेट्याच’ हे वाक्य खरे आहे आणि छापील पत्रकातही ते खरेच राहते. ‘फक्त १२ पेट्या शिल्लक’ हे वाक्य मात्र दर मागणीगणिक बदलते, म्हणून आकडा रोज बदलता येणार नसेल तर शिल्लक न सांगता एकूण संख्याच सांगावी. शेजारच्या बागेतून आणखी २५ पेट्या मिळाल्या, तर आधीची जाहिरात तशीच चालू ठेवणे ही फसवणूक होते; ‘२५ पेट्यांची भर पडली, बाग वेगळी आहे’ असे उघड लिहिले की ग्राहक ते सहज समजून घेतो.

मुदतीचे कारण आणखी खोलात असते. २०२५ साली अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती. झाडावरून उतरवलेला तयार पण कच्चा आंबा आढीत पिकायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे सणाला पिकलेले फळ ताटात हवे असेल तर तोड २० एप्रिलच्या आसपास व्हायला हवी आणि मागणी त्याआधी नोंदलेली हवी. इथे ‘१८ एप्रिलपर्यंत नोंदवा’ ही मुदत फळानेच घातलेली आहे. पेट्या कितीही उरल्या तरी ती हलत नाही. जाहिरातीत हे कारण एका वाक्यात लिहावे, असे मला आग्रहाने वाटते; कारणासह दिलेली तारीख लोक मानतात.

मुदत खोटी असल्याचे ओळखणे अवघड नाही. पान पुन्हा उघडल्यावर उलटे मोजणारे घड्याळ नव्याने सुरू झाले, किंवा मुदत टळल्यावर पाच मिनिटांनी फोन करणाऱ्यालाही तोच भाव मिळाला, तर ती मुदत नव्हतीच. ‘लोकाग्रहास्तव मुदतवाढ’ याचा फटका सर्वांत आधी त्यांना बसतो, ज्यांनी शब्दावर विश्वास ठेवून घाईने पैसे भरले. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ऑनलाइन युक्त्या, यांविषयी २०२३ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत खोट्या तातडीचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि त्यात खोटी टंचाईही येते.

दोन्ही मर्यादा खरोखरच असतील, तर त्या वेगळ्या वाक्यांत लिहाव्यात: ‘या तोडीत ८० पेट्या आहेत. अक्षय्य तृतीयेला पिकलेला आंबा हवा असल्यास १८ एप्रिलपर्यंत नोंदवा. त्यानंतर नोंदवलेला आंबा सणानंतर पिकेल.’